बिलिंग सॉफ्टवेअरचा करार: सही करण्याआधी

प्रिय काका,

तुम्ही पाठवलेला मराठी करार वाचला. दुकानाच्या रोजच्या व्यवहारावर परिणाम करतील अशी कलमं तीन आहेत.

कंपनी महिन्याला ९९.५ टक्के वेळ सेवा चालू ठेवण्याची हमी देते. ऐकायला भक्कम वाटतं, पण ३० दिवसांच्या महिन्यात ७२० तास असतात. त्यातले ३ तास ३६ मिनिटं सॉफ्टवेअर बंद पडलं तरी हमी मोडत नाही. शिवाय ‘नियोजित देखभाल’ या हिशोबात धरलेलीच नाही. ती रविवारी २ ते ६ या वेळेत होईल असं लिहिलंय, पण ती वेळ यूटीसीची, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेची आहे. आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेसात ते साडेअकरा वाजलेले असतात! रविवारी सकाळी किराणा दुकानात किती गर्दी असते हे मी तुम्हाला सांगायला नको. ही वेळ बदलून घ्यायलाच हवी.

हमी मोडली तर मिळतं ते ‘सेवा क्रेडिट’. सेवा ९९.५ टक्क्यांच्या खाली गेली तर मासिक शुल्काच्या १० टक्के, ९९ च्या खाली गेली तर २५ टक्के. तुमचं शुल्क ६,००० रुपये आहे. समजा, महिन्यात ९ तास सेवा बंद राहिली, तर उपलब्धता ९८.७५ टक्के भरते आणि तुम्हाला १,५०० रुपये मिळतात. तेही रोख नाही, पुढच्या बिलातून वजा होतात. महिना संपल्यापासून ३० दिवसांत तुम्ही स्वतः ईमेलने मागणी केली तरच. नाही केली तर हक्क गेला. याच कलमाच्या शेवटी ‘हाच एकमेव उपाय’ असं वाक्य आहे, म्हणजे त्या ९ तासांत बुडालेल्या धंद्याची भरपाई मागता येऊ नये अशी तजवीज. त्यामुळे सेवा बंद पडली की वेळ वहीत टिपा आणि स्क्रीनचा फोटो काढून ठेवा.

करार संपवण्याचं कलम मला सर्वांत जास्त खटकलं. मुदत ३१ मार्चला संपते, पण ६० दिवस आधी लेखी नोटीस दिली नाही तर करार आपोआप आणखी एक वर्ष वाढतो. म्हणून जानेवारीच्या मध्यालाच निर्णय घ्यावा लागेल. वर्ष संपण्याआधी स्वतःहून सोडलात तर भरलेले पैसे परत नाहीत. चूक कंपनीची असेल, तर नोटीस देऊन ३० दिवस सुधारणेची संधी द्यायची. तरीही सुधारणा झाली नाही, तर उरलेल्या महिन्यांचं शुल्क परत मिळतं.

आणि डेटा? करार संपल्यावर ३० दिवसांत तो पुसून टाकतील. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशोब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपायचे असतात. म्हणून दर महिन्याला सगळी बिलं एक्सेलमध्ये उतरवून स्वतःकडे ठेवा.

मराठी आणि इंग्रजी प्रतींत फरक पडला तर इंग्रजी प्रत ग्राह्य, असं शेवटच्या पानावर आहे. तेव्हा मूळ प्रतही मागवा, मी दोन्ही ताडून बघते. देखभाल रात्री अकरानंतर, नोटीस ३० दिवसांची आणि डेटा ९० दिवस, या तीन बदलांचं पत्र मी लिहून देते. कंपनीचं लेखी उत्तर येईपर्यंत सही करू नका.

तुमची पुतणी