मोंढ्यातील आडत प्रणाली : मुदत १५ सप्टेंबरऐवजी ३ ऑक्टोबर करून देण्याबाबत विनंती

दिनांक : ३१ ऑगस्ट २०२६
छत्रपती संभाजीनगर

आदरणीय शेठजी,
सप्रेम नमस्कार.

ठरल्याप्रमाणे पूर्ण प्रणाली १५ सप्टेंबरला आपल्या लातूरच्या दुकानी चालू व्हायला पाहिजे होती. ते होणार नाही. आणखी १८ दिवस, म्हणजे शनिवार ३ ऑक्टोबरपर्यंत वेळ द्यावा, अशी विनंती आहे. दोन आठवडे हातात असतानाच कळवलेलं बरं. १४ तारखेला रात्री फोन करण्यात अर्थ नाही.

काम अडलंय ते काट्यापाशी. सौदा नोंद, शेतकरी खातं आणि पट्टी तयार आहे. आपल्या मुनीमजींनी ती मागच्या आठवड्यात पाहिलीही. पण दोन्ही काटे एकाच जातीचे असतील असं आम्ही धरून चाललो होतो. ही चूक आमची. सुरुवातीलाच गोदामात येऊन दोन्ही काट्यांना वायर लावून बघायला हवी होती. आम्ही फक्त दुकानातला पाहिला. तो नवा काटा वजनाबरोबर, ते स्थिर झालं की नाही हेही सांगतो :

```
US,GS,+  58.40kg
ST,GS,+  60.20kg
```

US म्हणजे पारडं अजून हलतंय, ST म्हणजे थांबलं. गोदामातला जुना काटा मात्र नुसता आकडा पाठवत राहतो. २४ ऑगस्टला चाचणीत हमालाने कट्टा टाकला, पारडं थांबायच्या आत संगणकाने ५८.४० घेतलं, आणि मापाड्याने ६० किलो २०० ग्रॅम पुकारलं. एका कट्ट्यामागे १ किलो ८०० ग्रॅमचा फरक! तशी पट्टी शेतकऱ्याच्या हातात गेली तर नाव आपल्या दुकानाचं जाईल, आमचं नाही. म्हणून लागोपाठ पाच आकडे सारखे आल्याशिवाय वजन धरायचं नाही, अशी सोय आम्ही करतोय. कट्टा उतरून काटा शून्यावर आल्याशिवाय पुढचं वजनही घेणार नाही, नाहीतर एकच कट्टा दोनदा मोजला जाईल. लिहायला सोपं आहे, पण प्रत्यक्ष कट्टे टाकून तपासायला दिवस लागतात.

दुसरं कारण उचलीचं. शेतकऱ्याची उचल पट्टीतून आपोआप वजा व्हावी, ही आपली सूचना जुलैत आली. सूचना रास्तच होती. आम्ही हो म्हणताना तारीख मात्र पुढे मागितली नाही. तेव्हाच बोलायला हवं होतं.

नवीन तारखा अशा :

| तारीख | काय मिळेल |
|---|---|
| शनि. १२ सप्टेंबर | सौदा, शेतकरी खातं, हमाली-तोलाईसह पट्टी छपाई. वजन हाताने टाकायचं. |
| मंगळ. २२ सप्टेंबर | दुकानातला काटा जोडलेला |
| सोम. २८ सप्टेंबर | गोदामातला काटा जोडलेला |
| शनि. ३ ऑक्टोबर | उचल खातं, दिवसअखेरचा हिशेब, रोजचा बॅकअप. काम पूर्ण. |
| ५ ते १० ऑक्टोबर | वही आणि संगणक सोबत. आमचा माणूस दुकानात बसेल. |

गणपती-महालक्ष्म्यांचे दिवस धरूनच या तारखा काढल्यात. १२ तारखेपासून मुगा-उडदाच्या पट्ट्या यातच काढाव्यात. आवक कमी असते, पोरांचा हात बसेल. सोयाबीनची खरी गर्दी दसऱ्याच्या पुढे-मागे होते, आणि दसरा २० ऑक्टोबरला आहे. समजा जुन्या काट्याने पुन्हा दगा दिला, तरी हाताने वजन टाकून पट्टी निघत राहील. शेतकरी ताटकळणार नाही.

१५ सप्टेंबरला देय असलेला तिसरा हप्ता ३ ऑक्टोबरचं काम आपण पाहून पसंत केल्यावरच द्यावा. वाढीव दिवसांचे पैसे नाहीत, उचल खात्याचेही नाहीत. देखभालीचे मोफत तीन महिने १० ऑक्टोबरपासून मोजू.

आपल्याकडून दोन गोष्टी लागतील. रविवारी ६ सप्टेंबरला सकाळी दोन तास गोदामातला काटा मोकळा हवा, सोबत एक हमाल आणि दहा-बारा भरलेले कट्टे. आणि मुनीमजींकडून मागच्या हंगामातल्या पन्नासेक पट्ट्यांचे फोटो, त्यातही उचल कापलेल्या आणि कट्टे परत केलेल्या जास्त. मुनीमजी पैसे शेवटच्या बेरजेत पूर्णांक करतात, आमचा संगणक ओळीओळीला करत होता. त्यामुळे रुपया-दोन रुपयांचा फरक पडत होता. तो काढलाय, पण जुन्या पट्ट्यांशी ताडून पाहिल्याशिवाय माझं समाधान होणार नाही.

या तारखा मान्य असतील तर शुक्रवार ४ सप्टेंबरपर्यंत याच ईमेलवर तसं कळवावं. एखादी तारीख अडचणीची वाटली तर फोन करा, मी गुरुवारी लातूरला येऊन समोर बसून बोलतो.

झालेल्या उशिराबद्दल मनापासून दिलगीर आहे.

आपला नम्र,
सचिन
प्रकल्प प्रमुख