विषय: दसरा-दिवाळी 2025 च्या भेटवस्तू — परचेस आणि सेल्समधल्या प्रत्येकाने वाचावं

परचेस आणि सेल्समधील सर्व सहकाऱ्यांना,

नमस्कार.

2 ऑक्टोबरला दसरा आहे, 21 तारखेला लक्ष्मीपूजन. पुढच्या आठवड्यापासून गेटवर खोकी यायला लागतील आणि सेल्सच्या टेबलांवर 'कोणाला काय पाठवायचं' याच्या याद्या होतील. त्याआधी हा मेल शेवटपर्यंत वाचा, ही विनंती. नियम गेल्या वर्षीचेच आहेत, फक्त दोन ठिकाणी घट्ट केले आहेत.

नियमांआधी माझा स्वतःचा एक अनुभव सांगते. 2009 साली मी दुसऱ्या एका कंपनीत परचेसला होते. कास्टिंग देणाऱ्या एका सप्लायरने दिवाळीला काजूकतलीचा डबा दिला. घरी जाऊन उघडला तर बटर पेपरच्या खाली चांदीचं नाणं, पन्नास ग्रॅमचं. परत केलं तर माणसाला वाईट वाटेल, असं म्हणून मी ते कपाटात ठेवून दिलं. जानेवारीत त्याच सप्लायरच्या पंप केसिंगचा लॉट आला. मशीनिंग झाल्यावर हायड्रो टेस्टला लावल्या, तर चाळीसातल्या अकरा केसिंगमधून पाणी झिरपत होतं. ब्लोहोल्स. क्वालिटीने रिजेक्शन नोट माझ्या टेबलावर ठेवली आणि त्याच दुपारी सप्लायरचा फोन आला, "मॅडम, एवढ्या वेळी सांभाळून घ्या." नाण्याचं त्याने नावही काढलं नाही, त्याची गरजच नव्हती. मी ती नोट दोन दिवस सही न करता ठेवली. वर क्वालिटीच्या माणसाला विचारलं, "डेव्हिएशनवर घेता येईल का?" तो नाही म्हणाला म्हणून तो माल लाइनवर गेला नाही. मी नाही म्हटलं नव्हतं. सही केली त्या दिवशी नाणं परत पाठवलं.

आपल्याकडे याला मिंधेपणा म्हणतात. भेट घेताना तो कळत नाही, नोटवर सही करायची वेळ आली की कळतो. म्हणून "मी घेतलं तरी माझ्या निर्णयावर परिणाम होत नाही" हे मी कोणाकडूनही ऐकून घेत नाही. माझ्यावर झाला होता.

परचेस, स्टोअर्स आणि क्वालिटीसाठी. मिठाई, फराळ, सुका मेवा, डायरी, कॅलेंडर चालेल. एका सप्लायरकडून पूर्ण सणाला मिळून 1,000 रुपयांपर्यंत. खाण्याची वस्तू घरी न्यायची नाही. डबा विभागातच उघडायचा आणि सगळ्यांनी मिळून खायचा. रोख रक्कम, गिफ्ट कार्ड, कूपन, यूपीआयने आलेले पैसे, सोनं-चांदी, दारू, मोबाइल, सहलीचं किंवा हॉटेलचं बुकिंग यातलं काहीही घ्यायचं नाही, मग किंमत पन्नास रुपये का असेना. दसऱ्याला आपट्याची पानं जरूर घ्या. पाकिटातून त्यासोबत आणखी काही आलं, तर ते पाकीट माझ्याकडे द्या.

नवीन नियम पहिला: ज्या सप्लायरबरोबर दराची बोलणी चालू आहेत, कोटेशन मागवलेलं आहे किंवा रिजेक्शनचा वाद आहे, त्याच्याकडून या काळात डायरीसुद्धा घ्यायची नाही. वार्षिक दरकरार याच दिवसांत होतात, त्यामुळे हा नियम बऱ्याच जणांना लागू होईल.

भेट घरी पाठवली, पत्नीच्या किंवा पतीच्या नावाने पाठवली, तरी ती तुम्हालाच दिलेली धरली जाईल. कुरियरवाला दारात उभा असेल आणि घरच्यांनी सही करून डबा घेतला, तर घरच्यांवर रागावू नका. दोन कामकाजाच्या दिवसांत मला कळवा. वस्तू कंपनीच्या गाडीने परत जाईल, सोबत माझ्या सहीचं पत्र असेल. वाईटपणा माझ्यावर येऊ द्या, त्यासाठीच मी या खुर्चीत आहे.

स्टोअर्स आणि गेटवरच्या मंडळींना वेगळं सांगते. सोसायटीच्या वॉचमनला तुम्ही दिवाळी पोस्त देता, ती तुमच्या खिशातली आणि तुमच्या खुशीची. ट्रान्सपोर्टरच्या ड्रायव्हरकडून 'गाडी आधी खाली करा' म्हणून घेतलेले दोनशे रुपये म्हणजे पोस्त नव्हे. मागे रांगेत थांबलेल्या ड्रायव्हरचे दोन तास त्यात विकले जातात.

सेल्ससाठी. आपले निम्म्याहून जास्त पंप आणि व्हॉल्व्ह नगरपालिका, महापालिका आणि पाणीपुरवठा योजनांना जातात. तिथल्या अभियंत्यांना, लेखा विभागाला किंवा लोकप्रतिनिधींना शुभेच्छापत्र आणि कंपनीचं कॅलेंडर याच्या पलीकडे काहीही द्यायचं नाही. मिठाईचा डबाही नाही.

भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा 1988 चा आहे, पण 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हा स्वतंत्र गुन्हा झाला आणि त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कलम 9 प्रमाणे कंपनीवरही थेट गुन्हा दाखल होतो, आणि कंपनीसाठी काम करणारा कोणीही त्यात येतो. म्हणजे डीलरने स्वतःच्या खिशातून आपल्या ऑर्डरसाठी दिलं, तरी ते आपल्यापर्यंत येतं. "ते डीलरने बघितलं" हे उत्तर चालणार नाही. नवीन नियम दुसरा हाच: डीलर सणानिमित्त ग्राहकांना काय देणार आहेत, याची यादी 6 ऑक्टोबरपर्यंत तुमच्यामार्फत माझ्याकडे यायला हवी.

खाजगी ग्राहकांना कंपनीचं नाव छापलेली, 1,500 रुपयांपर्यंतची भेट देता येईल. ती त्यांच्या ऑफिसच्या पत्त्यावर जाईल आणि यादी विभागप्रमुखांनी मंजूर केलेली असेल. ब्रिटनमधल्या आपल्या ग्राहकाशी झालेल्या करारात तिथल्या 2010 च्या लाचविरोधी कायद्याचं कलम आहे. त्या कायद्यात खाजगी कंपनीच्या माणसाला दिलेली लाचही गुन्हा आहे, तेव्हा 'सरकारी नाही, मग काय हरकत' असं धरून चालू नका. डीलरला वर्षभरात व्यवसायानिमित्त दिलेल्या वस्तू आणि सहली 20,000 रुपयांच्या वर गेल्या, तर आयकर कलम 194आर खाली 10 टक्के टीडीएस लागतो. म्हणून प्रत्येक भेट अकाउंट्सला खऱ्या नावाने दाखवा. 'किरकोळ खर्च' किंवा 'स्टाफ वेल्फेअर' खाली टाकलेलं बिल मंजूर होणार नाही.

आता सगळ्यात अवघड प्रसंग. बिल तीन महिने अडकलेलं असतं, तुम्ही टेबलासमोर उभे असता आणि समोरचा म्हणतो, "साहेब, यंदा दिवाळीचं काय?" तुमच्यावर वसुलीचं टार्गेट आहे, हे मला माहीत आहे. तिथे वाद घालू नका आणि हो-ही म्हणू नका. "कंपनीत विचारून सांगतो" एवढंच म्हणून बाहेर या आणि त्याच दिवशी मला फोन करा. जबरदस्तीने द्यावं लागलंच, तर कायदा सात दिवसांत तपास यंत्रणेला कळवण्याची सवलत देतो, त्यामुळे सातव्या दिवशी सांगून उपयोग नाही. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल-फ्री क्रमांक 1064 आहे, तिथे तुम्ही थेटही बोलू शकता. अशा वेळी रखडलेल्या बिलामुळे कोणाचं टार्गेट चुकलं, तर ते मूल्यमापनात धरलं जाणार नाही. हे व्यवस्थापकीय संचालकांनी मला लेखी दिलं आहे; कोणाला ते पत्र बघायचं असेल तर माझ्याकडे या.

भेटवस्तूंची नोंदवही रिसेप्शनवर आहे. घेतलेली, दिलेली आणि परत केलेली, तिन्ही प्रकारची नोंद करायची आहे. गेल्या दिवाळीत सेल्सकडून तिच्यात एकही ओळ आली नाही. यंदा मी 27 ऑक्टोबरला वही बघणार आहे.

सप्लायरना जाणारं पत्र मराठी आणि इंग्रजीत तयार आहे. परचेसने ते या शुक्रवारपर्यंत सगळ्यांना पाठवावं. आधी कळलं की त्यांचाही खर्च वाचतो आणि परत करण्याची वेळ येत नाही.

सोमवारी, 29 सप्टेंबरला दुपारी चार वाजता कॅन्टीनच्या वरच्या हॉलमध्ये मी असेन. "मॅडम, अमुक चालेल का" असे प्रश्न तिथे विचारा. एकट्याने विचारायचं असेल तर विस्तार क्रमांक 214.

आपली,
अनुपालन विभागप्रमुख
भोसरी प्लांट, पुणे