दुरुस्ती : गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची वर्गणी प्रति सदनिका ₹ २९,५०० (काल कळवलेला ₹ ३४,८१० हा आकडा चुकीचा)

सर्व सभासदांस,
सप्रेम नमस्कार.

काल, मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मी पाठवलेल्या ईमेलमध्ये गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी प्रत्येक सदनिकेची वर्गणी ₹ ३४,८१० अशी कळवली होती. तो आकडा चुकीचा आहे. योग्य रक्कम ₹ २९,५०० असून ती ₹ १४,७५० च्या दोन समान हप्त्यांत भरायची आहे.

चूक माझ्याकडून झाली. कंत्राटदाराच्या दरपत्रकातील ₹ ८,२६,००० ही एकूण रक्कम १८ टक्के जीएसटी धरूनच दिलेली आहे (मूळ काम ₹ ७,००,००० आणि कर ₹ १,२६,०००). दरपत्रकाच्या शेवटच्या ओळीत, सहीच्या जरा वर, तसे बारीक अक्षरांत लिहिलेलेही आहे. तक्ता तयार करताना मी त्या रकमेवर पुन्हा १८ टक्के लावले, त्यामुळे एकूण खर्च ₹ ९,७४,६८० दिसू लागला आणि २८ सदनिकांत विभागल्यावर प्रत्येकी ₹ ५,३१० जास्त आले. ब विंगमधील एका सभासदांनी काल रात्रीच दरपत्रक ताडून पाहून हे लक्षात आणून दिले, त्याबद्दल त्यांचे आभार.

हप्त्यांच्या तारखा (३१ ऑक्टोबर आणि ३० नोव्हेंबर), सोसायटीचे बँक खाते, कामाचे स्वरूप आणि ३ नोव्हेंबरला काम सुरू करण्याचे ठरलेले वेळापत्रक यांत काहीही बदल नाही. कंत्राटदाराला द्यायची रक्कमही पूर्वीचीच आहे. चूक केवळ आपल्या वाटणीच्या हिशेबात होती.

ज्या दोन सभासदांनी आज सकाळपर्यंत जुन्या आकड्यानुसार ₹ १७,४०५ चा पहिला हप्ता भरला आहे, त्यांचे जादा आलेले ₹ २,६५५ दुसऱ्या हप्त्यात वळते केले जातील, म्हणजे नोव्हेंबरमध्ये त्यांना ₹ १२,०९५ भरावे लागतील. ही रक्कम आताच परत हवी असल्यास तसे कळवावे. दोन दिवसांत त्यांच्या खात्यावर जमा करतो. ज्यांनी चेक लिहून ठेवला आहे पण अद्याप दिलेला नाही, त्यांनी तो रद्द करून ₹ १४,७५० चा नवा चेक द्यावा.

दुरुस्त केलेला तक्ता आणि दरपत्रकाची प्रत सोबत जोडली आहे. तक्त्याच्या नावात ‘सुधारित १५-१०-२०२५’ असे लिहिले आहे, कारण एरवी कालच्या आणि आजच्या तक्त्याचे नाव अगदी सारखेच झाले असते आणि दोन्ही फाइली एकाच फोल्डरमध्ये गेल्या की घोळ होतो. सूचना फलकावरील कागद आज सकाळी बदलला आहे. हा तक्ता या वेळी सचिवांनीही दरपत्रकाशी पडताळून पाहिला आहे.

झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहे. हिशेबाविषयी काही विचारायचे असल्यास याच ईमेलला उत्तर द्यावे, किंवा शनिवारी सायंकाळी ६ ते ७ या वेळेत सोसायटीच्या कार्यालयात यावे; मूळ दरपत्रक तेथे पाहता येईल.

कळावे,
आपला,
खजिनदार, व्यवस्थापक समिती