मंगलताई आणि रफिकभाई यांच्यासाठी घरातील रोजच्या कामाच्या सूचना
सिडको, छत्रपती संभाजीनगर

मंगलताई आणि रफिकभाई यांस स. न.

सूनबाई सोमवारपासून नव्या नोकरीवर रुजू होत आहेत. जाण्यापूर्वी त्यांनी घराच्या कामाचा जो कागद इंग्रजीत टाइप करून ठेवला होता, तो मी तुम्हा दोघांसाठी मराठीत लिहून काढला आहे. उन्हाळ्यामुळे जे बदल करावे लागले, ते त्यांना विचारूनच केले आहेत. काही शंका आल्यास मला किंवा आजींना विचारावे; सूनबाई मीटिंगमध्ये असल्या तर फोन उचलू शकणार नाहीत.

मंगलताईंसाठी

आपण सकाळी आठ वाजता यावे. आल्यावर आधी चहा घ्यावा आणि मग कामाला लागावे. दुपारचे जेवण आपण इथेच, घरच्यांसाठी जे केले असेल तेच आणि घरातल्याच ताटवाटीत घ्यायचे आहे.

सर्वात महत्त्वाचे काम पाण्याचे आहे. जायकवाडीचे पाणी आपल्या गल्लीत रोज येत नाही, हे तुम्हाला मी काय सांगावे! म्हणून ज्या दिवशी लाइनमनचा निरोप येईल, त्या दिवशी बाकीची सारी कामे मागे ठेवली तरी चालतील. नळ सुटल्यावर पहिले पाणी गढूळ असते, ते बादलीत धरून अंगण आणि संडास धुण्यासाठी ठेवावे. पाणी स्वच्छ यायला लागले की आधी पिण्याचे भरून घ्यावे आणि नंतर नळ हौदात सोडावा. हौद भरल्यावरच गच्चीवरच्या टाकीची मोटर लावावी. हौदात पाणी नसताना मोटर चालू राहिली तर ती जळते, त्यामुळे मोटर लावून दुसऱ्या कामात गुंतू नये. शुद्धीकरण यंत्राच्या बारीक नळीतून वाया जाणारे पाणी खालच्या बादलीत साठते, ते फरशी पुसायला वापरावे. धुणे एक दिवसाआड करावे. एखादा दिवस कपडे तुंबले तरी कोणी काही बोलणार नाही.

कुलरमध्ये पाणी भरताना आधी बटण बंद करावे, मग प्लग काढावा आणि त्यानंतरच पाण्याला हात लावावा. पत्र्याच्या कुलरमध्ये वीज उतरल्याच्या बातम्या आपल्याकडे दर उन्हाळ्यात ऐकू येतात, म्हणून ही सूचना मी स्वतःही पाळतो. पाय ओले असतील तर चप्पल घालावी. दर शनिवारी कुलरमधले सगळे पाणी काढून टाकी घासून कोरडी करावी, कारण डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो.

स्वयंपाकात दोन्ही वेळांना ज्वारीच्या भाकरी, वरण आणि एक भाजी पुरेशी आहे. आजींच्या भाजीत तेल-मीठ बेताचे असावे. ठेचा वेगळा वाटून ठेवावा, म्हणजे ज्याला हवा तो घेईल. काम संपल्यावर गॅसची शेगडी आणि रेग्युलेटर दोन्ही बंद करावेत. गॅसचा वास आला तर विजेच्या कोणत्याही बटणाला हात न लावता दारे-खिडक्या उघडाव्यात, आजींना घेऊन अंगणात यावे आणि तेथून १९०६ या क्रमांकावर फोन करावा.

संडास-बाथरूम धुताना ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नये, कारण त्यातून निघणारा वायू छातीला घातक असतो. ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवून घंटागाडी आली की द्यावा.

आजींना मधुमेह आहे. इन्सुलिन त्या स्वतःच घेतात, पण घेतल्यावर जेवायला उशीर होऊ देऊ नये. त्यांचे ताट तयार झाल्यावरच त्यांना तसे सांगावे. इन्सुलिन फ्रिजच्या मधल्या कप्प्यात असते, ते बर्फाच्या कप्प्यात कधीही ठेवू नये. त्यांना दरदरून घाम सुटला, हातपाय थरथरू लागले किंवा त्या असंबद्ध बोलू लागल्या, तर रक्तातली साखर कमी झाली असे समजून लगेच तीन-चार चमचे साखर थोड्या पाण्यात विरघळवून पाजावी आणि मला हाक मारावी. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच साखर द्यावी. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काहीही न घालता त्यांना कुशीवर वळवावे आणि १०८ ला फोन करावा.

रफिकभाईंसाठी

सकाळची शाळा सुरू असल्यामुळे आपण साडेसहाला यावे. गाडी काढण्यापूर्वी चारही टायरांवर एक नजर टाकावी आणि काचा पुसून घ्याव्यात. गाडी धुण्यासाठी पाइप लावू नये, ओल्या फडक्याने पुसली तरी पुष्कळ झाले. मनूला मागच्या सीटवर बसवून पट्टा लावावा आणि शाळेच्या फाटकात बाईंच्या ताब्यात देऊन मगच निघावे. शाळा सुटताना तिला न्यायला आपण किंवा मी, या दोघांखेरीज कोणी आले तर तिला सोडू नये, असे शाळेलाही कळवले आहे. एखाद्या कामासाठी दोन मिनिटे उतरायचे असले तरी तिला बंद गाडीत एकटी ठेवू नये, कारण एप्रिलच्या उन्हात उभी गाडी आतून फार लवकर तापते.

साहेबांना वाळूजच्या कारखान्यात नऊपर्यंत पोहोचायचे असते. जालना रोडने जायचे की बीड बायपासवरून महानुभाव आश्रम चौकाकडे निघायचे, हे त्या दिवशीची गर्दी पाहून आपणच ठरवावे. शहरातले रस्ते आपल्याला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत. उशीर होत असला तरी वेग वाढवू नये. साहेबांनी घाई केली तर माझे नाव सांगावे. गाडी चालवताना फोन आला तर उचलू नये, आमचा असला तरीही. गाडी बाजूला लावून मग फोन करावा.

इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये. कुलंट कमी वाटले तर गाडी सावलीत लावून इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. डिझेलची पावती समोरच्या खणात ठेवावी, आणि स्वतःच्या खिशातून काही खर्च झाला असेल तर त्याच संध्याकाळी मागून घ्यावा. दुपारी बारा ते चार आपण गाडीत बसून राहू नये. बाहेरच्या खोलीत पंखा आणि माठ आहे, तेथे विश्रांती घ्यावी.

दोघांसाठी

मंगलताईंची सुटी रविवारी आणि रफिकभाईंची शुक्रवारी राहील. याशिवाय आजारपण, लग्नकार्य, सण किंवा गावाकडचे काम निघाले तर आदल्या दिवशी सांगावे. अचानक अडचण आली तर फक्त एक फोन करावा. त्याबद्दल पगार कापला जाणार नाही. पगार दर महिन्याच्या १ तारखेला मिळेल, रोख हवा की खात्यात, ते आपण सांगावे. ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त थांबावे लागले तर त्याचे पैसे वेगळे मिळतील.

घरातल्या कोणी उंच आवाजात बोलल्यास मला सांगावे, त्यात मनूही आली.

हा कागद एक प्रत फ्रिजवर आणि एक गाडीच्या खणात ठेवला आहे. पाऊस सुरू झाला की कुलरचा आणि सकाळच्या शाळेचा भाग बदलून नवी प्रत देईन.

आपला,
मनूचे आजोबा