वेळनोंद आणि बिलांचा गोषवारा : नोव्हेंबर २०२५

काम : पुस्तक मांडणी, मुखपृष्ठ, लेबल आणि पोस्ट डिझाइन, पुणे
कालावधी : १ ते ३० नोव्हेंबर २०२५

वेळ पाव तासाच्या पटीत धरली आहे. दहा मिनिटांच्या आतले फोन धरलेले नाहीत. तास दशांशात आहेत, म्हणजे २.७५ म्हणजे पावणेतीन तास, दोन तास पंचाहत्तर मिनिटे नव्हेत. गेल्या महिन्यात बेरीज चुकली ती इथेच.

क्लायंटनिहाय बिलपात्र तास

| क्लायंट | प्रोजेक्ट | तास | दर (₹) | रक्कम (₹) |
|---|---|---|---|---|
| प्रकाशनसंस्था, पुणे | कथासंग्रह, २०८ पाने, मांडणी | २२.५० | ८०० | १८,००० |
| | त्याच पुस्तकाचे मुखपृष्ठ | ९.२५ | १,२०० | ११,१०० |
| | जुनी कादंबरी, श्रीलिपीतून युनिकोड | १४.७५ | ६०० | ८,८५० |
| फळप्रक्रिया उद्योग, रत्नागिरी | कोकम आणि आंबा लेबले | ११.५० | १,२०० | १३,८०० |
| | लेबल मजकूर दुरुस्ती | ३.२५ | १,२०० | ३,९०० |
| सॉफ्टवेअर कंपनी, ठाणे | मासिक पोस्ट, ठरलेले तास | १५.०० | १,००० | १५,००० |
| | ठरलेल्यापेक्षा जादा | २.५० | १,२०० | ३,००० |
| एकूण | | ७८.७५ | | ७३,६५० |

नोंदींवरचे शेरे

कथासंग्रह : टायमरवर २४.५० तास होते. दोन दिवस जेवणाच्या वेळी टायमर चालूच राहिला, म्हणून २ तास वजा केले.

मुखपृष्ठ : अंदाज ७ तासांचा दिला होता. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या त्यातच होत्या. तिसऱ्या फेरीचे २.२५ तास वाढले, त्याची ईमेलवर मंजुरी १८ नोव्हेंबरला मिळाली. ती ईमेल बिलाला जोडली आहे. फोनवरच्या 'करून टाका'वर वाढीव तास लावू नयेत, नंतर कोणालाच आठवत नाही.

युनिकोड रूपांतर : ४ तारखेला ३.५०, ६ ला ४.२५, ११ ला ४.००, १२ ला ३.०० तास. वेळ रूपांतरात गेला नाही, तपासणीत गेला. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. त्यामुळे जोडाक्षरांवर ती भलत्याच जागी बसते. 'ऱ्य' सरसकट बदलता येत नाही : 'दर्या' आणि 'दऱ्या' दोन्ही शब्द खरे, एकाच वेळी सगळीकडे बदल केला तर समुद्राच्या दऱ्या होतात. इनडिझाइनमध्ये World-Ready Paragraph Composer निवडलेला नसेल तर बरोबर मजकूरही तुटलेला दिसतो. अशा कामाला ६०० हा दर कमी आहे. पुढच्या कादंबरीपासून ७५०.

लेबले : आलेल्या मजकुरात एफएसएसएआय परवाना क्रमांक १३ अंकी होता, तो १४ अंकी असतो. नवा क्रमांक येईपर्यंत काम थांबले. तो वेळ बिलात नाही. क्रमांकासोबत घटकांची यादीही बदलून आली, तिची नव्याने मांडणी ३.२५ तासांत आहे.

बिल न लावलेले तास : २०.००

कोटेशन आणि भेटी ६.५०, हिशेब आणि बिले ५.५०, नवे सॉफ्टवेअर शिकणे ३.७५, स्वतःची चूक ४.२५. ही चूक लेबलावर झाली : पांढऱ्या मजकुराला ओव्हरप्रिंट लागले होते. पडद्यावर मजकूर दिसत होता, छापील प्रूफमध्ये गायब. ओव्हरप्रिंट प्रिव्ह्यू लावून पाहिले असते तर आधीच कळले असते. क्लायंटला त्याचा भुर्दंड नको.

बिलपात्र तासाला सरासरी ₹९३५ पडले. सगळे ९८.७५ तास धरले तर ₹७४६. कोटेशन देताना दुसरा आकडा समोर ठेवायचा.

बिले (सर्व ३० नोव्हेंबरची)

| बिल | क्लायंट | रक्कम | टीडीएस | आगाऊ जमा | येणे |
|---|---|---|---|---|---|
| २५-२६/३१ | प्रकाशनसंस्था | ३७,९५० | ३,७९५ | – | ३४,१५५ |
| २५-२६/३२ | फळप्रक्रिया उद्योग | १७,७०० | – | ५,००० | १२,७०० |
| २५-२६/३३ | सॉफ्टवेअर कंपनी | १८,००० | १,८०० | – | १६,२०० |
| एकूण | | ७३,६५० | ५,५९५ | ५,००० | ६३,०५५ |

टीडीएस कलम १९४जे प्रमाणे १० टक्के. दोन्ही कंपन्यांची या आर्थिक वर्षातली रक्कम ₹५०,००० च्या वर गेली आहे. रत्नागिरीचा व्यवसाय एकल मालकीचा असून त्याला कर लेखापरीक्षण लागू नाही, म्हणून कपात नाही. एप्रिलपासूनची उलाढाल ₹५,९२,४००, म्हणजे २० लाखांच्या बरीच आत, त्यामुळे जीएसटी नोंदणी नाही आणि बिलावर जीएसटीची ओळही नाही.

मुदत : सॉफ्टवेअर कंपनी आणि फळप्रक्रिया उद्योग १५ दिवस, प्रकाशनसंस्था करारानुसार ३० दिवस. टीडीएसची रक्कम 26AS मध्ये लगेच दिसत नाही, कंपनीने तिमाही विवरण भरल्यावर दिसते. या तिमाहीची तपासणी फेब्रुवारीत.

डिसेंबरमध्ये ओढलेले : कथासंग्रहाच्या छपाईपूर्व प्रूफची अंदाजे ३ तासांची तपासणी, दर ८००. ठाण्याचे ठरलेले तास १५ वरून १८ करण्याचा प्रस्ताव ५ डिसेंबरपर्यंत पाठवायचा, कारण सलग तिसऱ्या महिन्यात तास कमी पडले.