बांगड्याचं हुमण, पहिल्यांदाच चूल पेटवणाऱ्या भाच्यासाठी

तुझ्या आजीच्या वहीत हुमण दोन ओळींत आटपलंय: "सोय १ वाटी, मिरच्या ७, धणे, हळद, चिंच - बारीक. कढ आला की तिरफळं, बांगडे. दोन कढ. मीठ बघून." आता तुझ्यासाठी सावकाश लिहिते. दोघांना पुरेल.

मध्यम आकाराचे ३ बांगडे घे. मासळीवालीलाच सांग, कल्ले आणि पोट काढून एकेकाचे ३ तुकडे कर म्हणून. लाजू नकोस, सगळेच सांगतात. घरी आल्यावर तुकडे धू, अर्धा चमचा मीठ चोळ आणि झाकून ठेव.

७ सुक्या बेडगी मिरच्यांचे देठ काढून त्या गरम पाण्यात घाल. लिंबाएवढी नको, सुपारीएवढी चिंच वेगळ्या वाटीत भिजव. १० तिरफळं फोडून आतलं काळं बी फेकून दे, ते दाताखाली आलं तर कचकचतं. टरफलं दोन चमचे पाण्यात ठेव. हे सगळं पंधरा मिनिटं तसंच राहू दे.

आता वाटण, आणि घाई करायची नाही ती इथेच. सोय म्हणजे खवलेला ओला नारळ. तो १ वाटी, मिरच्या, १ चमचा धणे, पाव चमचा हळद आणि बिया-रेषा काढलेली चिंच मिक्सरच्या भांड्यात घाल. पाणी आधी अर्धीच वाटी. अर्धा मिनिट फिरव, थांब, कडेचं चमच्याने खाली लोट, थोडं पाणी घाल, परत फिरव. चार-पाच वेळा तरी. मग चिमूटभर दोन बोटांत चोळून बघ. रवाळ लागलं तर अजून फिरव. वाटण जाडंभरडं राहिलं तर रस्सा एकीकडे आणि पाणी एकीकडे होतं.

वाटण टोपात काढ. मिक्सरचं भांडं १ वाटी पाण्याने विसळून तेही ओत. आच मध्यम ठेव आणि ढवळत राहा. बुडबुडे आले की आच बारीक कर. सहा-सात मिनिटांत कच्च्या मिरचीचा वास जाईल. तिरफळं जराशी ठेचून पाण्यासकट घाल. मग बांगडे एकेक करून अलगद सोड.

इथून पुढे डाव टोपात घालायचा नाही, तुकडे मोडतात. फडक्याने टोपाच्या दोन्ही कडा धर आणि हलकेच गोल फिरव. आच बारीकच. पाच-सहा मिनिटांत माशाचं मांस काट्यापासून सुटायला लागेल, तेव्हा गॅस बंद कर. "दोन कढ" म्हणजे खळखळून उकळणं नव्हे, नारळ फुटतो.

मीठ शेवटी चाखून घाल, बांगड्यांना आधीच लावलंय. वरून १ चमचा खोबरेल, झाकण, आणि अर्धा तास हात लावू नकोस. तोवर उकड्या तांदळाचा भात लाव. त्याला साध्या तांदळापेक्षा पाणी आणि वेळ, दोन्ही जास्त लागतात. उरलेलं हुमण फ्रिजमध्ये ठेव. दुसऱ्या दिवशी बारीक आचेवर नीट गरम करून घे.