सूचना : परीक्षेच्या दोन आठवड्यांत मोबाइलबाबत
दि. 30 मार्च 2026
इयत्ता पाचवी ते नववी, सर्व तुकड्यांच्या पालकांसाठी

नमस्कार पालकहो,

आपल्या मुलांची वार्षिक परीक्षा सोमवार, 6 एप्रिल ते शनिवार, 18 एप्रिल या काळात होईल. 14 तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंतीची सुट्टी आहे. पेपर सकाळी 8 वाजता सुरू होईल, मुलं 7.40 ला वर्गात हवीत.

शाळेत मोबाइल आणायचा नाही, स्मार्ट वॉचही नाही. साधं घड्याळ चालेल. एसटीने येणाऱ्या ज्या मुलांना फोनशिवाय अडचण होते, त्यांच्या पालकांनी शनिवारपर्यंत वर्गशिक्षकांकडे चिठ्ठी द्यावी. अशा मुलांनी फोन बंद करून, पाकिटावर नाव आणि तुकडी लिहून, 7.40 च्या आत ऑफिसमध्ये जमा करायचा आणि पेपर सुटल्यावर सही करून परत घ्यायचा. फोन दप्तरात ठेवून दप्तर वर्गाबाहेर ठेवलं, तरी ते चालणार नाही. परीक्षेच्या वेळेत कोणाकडे फोन सापडला तर तो ताब्यात घेतला जाईल आणि पालक स्वतः आल्यावरच मिळेल.

सहामाहीला गणिताच्या पेपरात एका मुलाच्या खिशात फोन थरथरला. आईने काळजीपोटीच केला होता, एसटी वेळेवर मिळाली का विचारायला. पर्यवेक्षकांनी फोन घेतला, पण पुढचा अर्धा तास त्या मुलाचा हात चालेना. भूमितीची आकृती त्याने तीनदा खोडली, कागद फाटला. मुलगा हुशार आहे, त्या दिवशी फक्त घाबरला होता. म्हणून कळकळीने सांगते, निरोप द्यायचा असेल तर ऑफिसच्या फोनवर द्या. नंबर डायरीच्या पहिल्या पानावर आहे. शिपाईमामा निरोप वर्गापर्यंत नेतील.

आता पालकांच्या या व्हॉट्सॲप ग्रुपविषयी. पेपर संपल्यावर प्रश्नपत्रिकेचा फोटो टाकू नका आणि "दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर काय?" अशी चर्चाही करू नका. नववीच्या प्रश्नपत्रिका तालुक्यातल्या बऱ्याच शाळांना एकच असतात आणि काही ठिकाणी तो पेपर दुपारच्या सत्रात होतो, त्यामुळे सकाळी काढलेला फोटो दुपारी कुठे पोचेल सांगता येत नाही. बोर्डाच्या परीक्षेत पेपर सुरू होण्याआधी प्रश्नपत्रिका वाचायला दहा मिनिटं मिळायची, ती 2023 पासून बंद झाली. त्या वेळात प्रश्नपत्रिका मोबाइलवरून फिरल्याचे प्रकार घडले होते, म्हणून आता ती दहा मिनिटं पेपरच्या शेवटी देतात. आपल्या मुलांनाही पुढे बोर्डाला बसायचं आहे.

गेल्या वेळी ग्रुपवर एकांनी उत्तरं टाकली. ती पाहून सहावीतली एक मुलगी आपलं चुकलं म्हणून रात्रभर रडत राहिली आणि दुसऱ्या दिवशी इतिहासाच्या पेपरला सुजलेल्या डोळ्यांनी आली. प्रत्यक्षात तिचं उत्तर बरोबर होतं, ग्रुपवरचंच चुकलेलं होतं. उत्तरं टाकणाऱ्यांचा हेतू चांगला होता, पण लेकराला त्याचा त्रास झाला. 5 एप्रिलच्या संध्याकाळपासून 18 तारखेपर्यंत ग्रुपवर फक्त ॲडमिन लिहू शकतील. "हमखास येणारे प्रश्न" अशा नावाने फिरणाऱ्या फायली मुलांना दाखवू नका. त्या शाळेने दिलेल्या नसतात.

या काळात कोणताही शिक्षक मुलांना व्हॉट्सॲपवर नोट्स, लिंक किंवा व्हिडिओ पाठवणार नाही. हा नियम आम्ही आम्हालाच घालून घेतला आहे, कारण "बाईंनी पाठवलंय, ते बघतोय" म्हणत फोन हातात आला की तो सुटत नाही, हे आम्हाला दिसतं. जे द्यायचं ते 4 तारखेपर्यंत वहीत किंवा झेरॉक्सवर मिळेल. तेव्हा अभ्यासासाठी फोन लागतो असं मूल म्हणालं, तर या दोन आठवड्यांत तसं नाही, हे निःशंकपणे सांगा. शंका असेल तर मुलांना पेपर सुटल्यावर शाळेतच थांबू द्या. 11 ते 12 विषयशिक्षक स्टाफरूममध्ये असतील.

घरात काय करायचं ते तुम्हीच ठरवा, पण एक विनंती आहे. रात्री नऊनंतर घरातले सगळे फोन, तुमचेसुद्धा, एकाच जागी चार्जिंगला लावा आणि ती जागा मुलांच्या खोलीत नको. पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षेत उत्तीर्ण व्हावं लागतं, नाहीतर पुनर्परीक्षा असते. त्या मुलांवर जास्त ताण आहे. त्यांना झोप मिळू द्या.

या सूचनेवर ग्रुपमध्ये "ओके" लिहू नये. हीच सूचना मुलांच्या डायरीत चिकटवून येईल, तिच्याखाली सही करून गुरुवारपर्यंत पाठवा.

पर्यवेक्षिका, परीक्षा विभाग